इतर विभागांच्या मागण्या, एकच सॉफ्टवेअर टीम: मागणी फॉर्म आणि छाननीच्या नियमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

सोलापुरात टॉवेल आणि चादरी तयार करणाऱ्या काही उद्योगांत आता स्वतःची छोटी सॉफ्टवेअर टीम असते. आमच्या टीममध्ये सहा जण आहेत आणि विणकाम, डाईंग, शिलाई, स्टोअर, डिस्पॅच, निर्यात, अकाउंट्स, पगार अशा सगळ्या विभागांची कामे आमच्याकडे येतात. प्रत्येक विभागाला आपले काम आधी व्हावे असे वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र कोणाचे काम आधी करायचे हे ठरवण्याची पद्धत लिहून ठेवलेली नसेल, तर ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचे टेबल आमच्या खोलीजवळ त्याचे काम आधी होते. ही पद्धत बसवताना आम्हाला आणि आम्ही इतरांना जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

फोन आणि व्हॉट्सॲप असताना फॉर्म कशाला?

फोनवर आलेली मागणी ज्याने फोन उचलला त्याच्या डोक्यात राहते आणि व्हॉट्सॲपवर आलेली मागणी चाळीस संदेशांखाली दबते. त्याहून मोठी अडचण अशी की दोन मागण्या शेजारी ठेवून पाहण्याची सोयच उरत नाही. छाननीचा अर्थ तुलना असा आहे, आणि एक मागणी एकाच्या फोनमध्ये व दुसरी दुसऱ्याच्या वहीत असेल तर तुलना होणार कशी?

मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो तेथे एका सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीवरून पॅकिंग लिस्टमधील वजनाचा हिशेब बदलून दिला. मागणाऱ्याला तो बदल एका ग्राहकापुरता हवा होता, पण झाला सगळ्यांसाठी, आणि निव्वळ वजनाऐवजी ढोबळ वजन छापलेली कागदपत्रे दोन दिवस बाहेर जात राहिली. ‘कोणत्या ग्राहकासाठी?’ एवढा एक प्रश्न कोठेतरी छापील असता तर ते टळले असते.

फॉर्ममध्ये नेमके काय विचारावे?

मागणी करणाऱ्याला जे खात्रीने माहीत असते तेवढेच विचारावे, आणि जे आपण ठरवायचे आहे ते त्याच्यावर टाकू नये, हे एकच सूत्र आम्ही धरले आहे. डाईंग मास्तरांना कोणत्या लॉटची शेड बिघडली हे माहीत असते. ते काम सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागात येते आणि त्याला किती दिवस लागतील, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये एकोणीस रकाने होते. त्यांपैकी ‘मॉड्यूलचे नाव’ या रकान्यात बहुतेकांनी सर्वांत वरचा पर्याय निवडलेला असे, आणि त्यावरून तो रकाना आमच्या सोयीसाठी होता, त्यांच्या नव्हे, हे आमच्या लक्षात आले. आता सात प्रश्न उरले आहेत.

पहिला प्रश्न आहे: काय घडत आहे, किंवा जे घडायला हवे ते काय घडत नाही? याबरोबर शेवटचे एक खरे उदाहरण मागतो, म्हणजे ऑर्डर क्रमांक, लॉट क्रमांक किंवा स्क्रीनचा फोटो. दुसरा: हे केव्हापासून आणि किती वेळा घडते? तिसरा: कोणाकोणाचे काम अडते? चौथा: सध्या तुम्ही काय करून वेळ भागवता? पाचवा: हे पहिल्यांदा कोणत्या तारखेला लागेल आणि ती तारीख कोणी ठरवली? सहावा: त्या तारखेपर्यंत झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल? सातवा: काम झाल्यावर ते तपासून ‘बरोबर आहे’ असे कोण सांगेल?

यांत चौथा आणि सहावा हे दोन प्रश्न फॉर्मचा कणा आहेत. चौथ्याच्या उत्तरातून कळते की काम खरोखर थांबले आहे, की कोणीतरी संध्याकाळी जास्त बसून ते ओढत आहे, की चुकीच्या मार्गाने पुढे जात आहे. सहाव्या प्रश्नात ‘सकाळी’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. ‘काय परिणाम होईल?’ असे विचारले की ‘कंपनीचे नुकसान होईल’ असे उत्तर येते. ‘सकाळी काय होईल?’ असे विचारले की ‘कंटेनर उभा राहील’, ‘शेट्टींना हाताने ऐंशी पावत्या लिहाव्या लागतील’ किंवा ‘तसे काही होणार नाही’ अशी उत्तरे येतात, आणि ही तिन्ही उत्तरे छाननीला उपयोगी पडतात.

सातव्या प्रश्नाने एक वेगळीच गोष्ट साधते. तपासणाऱ्याचे नाव लिहिताना मागणी करणाऱ्याला त्या माणसाशी बोलावे लागते, आणि काही मागण्या तेथेच विरघळतात, कारण ‘आपल्याला हे नको आहे, फक्त वरच्यांनी विचारले होते’ असे निघते.

‘प्राधान्य: जास्त, मध्यम, कमी’ असा रकाना का नाही?

तो आमच्याकडे होता. तीन महिन्यांनी त्यात ‘जास्त’ सोडून दुसरे काही क्वचितच दिसू लागले. यात कोणाची लबाडी नव्हती. ज्याने मनापासून ‘मध्यम’ लिहिले त्याचे काम मागे पडले, हे शेजारच्या विभागाने पाहिले आणि शहाणपणाने पुढच्या वेळी ‘जास्त’ लिहिले. शिवाय प्राधान्य ही एकट्या मागणीत असणारी गोष्ट नाही. ते इतर मागण्यांच्या तुलनेत ठरते, आणि इतर मागण्या अकाउंट्सच्या टेबलावर बसून दिसत नाहीत. म्हणून फॉर्म वस्तुस्थिती विचारतो आणि प्राधान्य त्या वस्तुस्थितीवरून छाननीत ठरते.

‘आपल्याला हवा असलेला उपाय’ हा रकाना मात्र आम्ही काढला नाही, शेवटी ऐच्छिक म्हणून ठेवला. तो काढला तर लोक उपायच पहिल्या रकान्यात लिहितात.

तारीख खरी आहे की सोयीची, हे कसे ओळखावे?

तारीख कोणी ठरवली हे विचारावे. काही तारखा कायद्याने ठरतात: दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ महिना उलटल्यावर ११ तारखेला, जीएसटीआर-३बी २० तारखेला, भविष्य निर्वाह निधीचा भरणा १५ तारखेला. काही ग्राहक किंवा जहाजाचे वेळापत्रक ठरवते. या दोन्ही प्रकारांत आपण कितीही गोड बोललो तरी तारीख हलत नाही. ‘साहेब म्हणाले सोमवारपर्यंत द्या’ ही तारीख मात्र बहुतेक वेळा साहेबांनी सहज म्हटलेली असते, आणि त्यांनाच विचारले तर ‘पंधरा दिवसांनी चालेल’ असे उत्तर येते. असे विचारणे उद्धटपणाचे नाही, पण ते छाननी करणाऱ्याने करावे, बिचाऱ्या मागणी करणाऱ्या कारकुनाला त्यासाठी पुढे करू नये.

एक स्थानिक सूचना. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत अनेक कामगार आणि सुपरवायझर रजेवर असतात. त्या दिवसांत पूर्ण होणाऱ्या कामाला तपासणारा माणूस मिळेल का, हे तारीख मान्य करतानाच पाहावे. काम तयार आणि तपासणारा यात्रेत, असे आमच्याकडे झालेले आहे.

छाननी कोणी, केव्हा आणि किती वेळ करावी?

एका आठवड्याला एकाच माणसाने, रोज सकाळी अकरा वाजता, अर्धा तास. अकराची वेळ अशासाठी की पहिल्या पाळीच्या अडचणी तोवर वर आलेल्या असतात आणि विभागप्रमुख जागेवर भेटतात. आठवडा बदलला की माणूस बदलतो. सगळ्या टीमने मिळून छाननी करू नये; सहा जण अर्धा तास बसले तर रोज तीन तास जातात आणि चर्चा ‘हे कसे बनवायचे’ याकडे वळते, जी छाननीची जागाच नव्हे.

छाननी करणाऱ्याने प्रत्येक नव्या मागणीचे त्याच दिवशी चारांपैकी एक काहीतरी करायचे असते: रांगेत घ्यायची, प्रश्न विचारून परत पाठवायची, आधीच्या मागणीला जोडायची, किंवा कारण लिहून नाकारायची. ‘बघू’ हा पाचवा मार्ग नाही. मागणी करणाऱ्याला एका कामकाजी दिवसात उत्तर मिळते, एवढेच वचन आम्ही देतो; काम एका दिवसात होईल असे वचन देत नाही. या दोन गोष्टी लोक एकच समजतात, म्हणून फॉर्म भरल्यावर येणाऱ्या पोचेतच हा फरक लिहिलेला आहे.

छाननीचे नियम कोणते?

मागणी चार प्रकारांपैकी एकात बसवायची आणि प्रकारानुसार तिला वागवायचे, एवढाच नियम आहे.

‘थांबलेले काम’ म्हणजे आत्ता कोणीतरी हात बांधून उभे आहे आणि वेळ भागवण्याचा मार्ग नाही. ई-वे बिल निघत नसल्याने भरलेला ट्रक गेटवर उभा आहे, हे त्याचे उदाहरण. यासाठी हातातले काम सोडले जाते. ‘तारखेचे काम’ म्हणजे ज्याची तारीख बाहेरच्याने ठरवली आहे आणि ती चुकल्यास ठोस तोटा आहे. ते लगेच सुरू करायचे नसते. उशिरात उशिरा केव्हा सुरू करता येईल तो दिवस उलट मोजून काढायचा आणि त्या दिवशी सुरू करायचे. ‘चालू नुकसान’ म्हणजे काम थांबलेले नाही, पण रोज थोडे वेळेचे, मालाचे किंवा पैशाचे नुकसान होत आहे. उरलेले सगळे ‘सुधारणा’.

पहिला आणि चौथा प्रकार ओळखणे सोपे असते, तारखेचे काम तारखेमुळे लक्षात राहते, आणि तिसरा प्रकार हमखास सुटतो. ज्याचे नुकसान हळू होत असते तो त्याला सरावलेला असतो आणि तक्रारही हळू आवाजात करतो. पुढचे उदाहरण त्यासाठीच दिले आहे.

एखादी सकाळ प्रत्यक्ष दाखवता येईल का?

एका महिन्याच्या ८ तारखेची, सोमवारची सकाळ घेऊ. तीन मागण्या समोर होत्या.

निर्यात विभागाने लिहिले होते: परदेशी ग्राहकाने कळवले आहे की यापुढे प्रत्येक कार्टनवर १८ अंकी क्रमांकाचे बारकोड लेबल हवे, कंटेनर २४ तारखेला भरणार आहे, कार्टन ६४० आहेत, आणि लेबल नसेल तर ग्राहकाच्या गोदामात माल उतरवून घेणार नाहीत. सध्या लेबल एक्सेलमधून छापले जाते. ऐच्छिक रकान्यात उपायही होता: एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवून द्यावा.

अकाउंट्सचा विषय ‘अत्यंत तातडीचे’ असा होता: ग्राहकनिहाय थकबाकीचा, किती दिवसांची आहे हे दाखवणारा नवा रिपोर्ट उद्यापर्यंत हवा.

तिसरी मागणी डाईंग विभागाची होती: ‘रेसिपीची स्क्रीन थोडी हळू चालते. घाई नाही.’

आवाजाप्रमाणे क्रम लावला असता तर अकाउंट्स, निर्यात, डाईंग असा लागला असता. आता फॉर्ममधील उत्तरे वाचू.

डाईंगने चौथ्या प्रश्नाला, म्हणजे सध्या वेळ कशी भागवता याला, उत्तर दिले होते: ‘रेसिपी वहीत लिहून घेतो आणि पाळी संपल्यावर भरतो.’ छाननी करणाऱ्या सहकाऱ्याने येथे पेन खाली ठेवले आणि डाईंग मास्तरांना फोन लावला. कारण स्टोअरमधून रंग आणि रसायने स्क्रीनवरच्या रेसिपीप्रमाणे तोलून दिली जातात, आणि दुरुस्ती वहीत असेल व स्क्रीनवर जुने प्रमाण असेल, तर लॉट जुन्या प्रमाणाने रंगतो. मास्तर शांतपणे म्हणाले, ‘होय, मागच्या आठवड्यात दोन लॉट परत रंगवावे लागले, पण ते तर अधूनमधून होतच असते.’ लॉट परत रंगवणे म्हणजे पाणी, वाफ, रसायने आणि मशीनचे तास पुन्हा खर्च करणे, आणि फिकट शेड हवी असताना गडद आली असेल तर आधी रंग उतरवावा लागतो. मागणी ‘सुधारणा’मधून ‘चालू नुकसान’मध्ये गेली आणि त्याच दिवशी हातात घेतली गेली. ती स्क्रीन उघडताना पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या रेसिपी एकदम आणत होती. चालू शेड आधी आणून जुन्या शोधल्यावरच दाखवायच्या, हा बदल अर्ध्या दिवसात झाला. तो झाल्यावर मास्तरांनी वही बंद केली की नाही हे दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, कारण सवय स्क्रीनपेक्षा हळू बदलते.

निर्यातीच्या मागणीत तारीख बाहेरची होती, पण चुकीची होती. कंटेनर २४ तारखेला भरणार असला तरी लेबल पॅकिंगच्या वेळी चिकटवले जाते आणि पॅकिंग शुक्रवारी, १९ तारखेला सुरू होणार होते. पाचव्या प्रश्नात ‘पहिल्यांदा’ हा शब्द याच अनुभवानंतर आला. त्याआधी नमुना लेबल ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायचे होते, त्याला तीन दिवस, म्हणजे १६, १७ आणि १८. लेबल सोमवारी, १५ तारखेला संध्याकाळपर्यंत तयार हवे. काम चार दिवसांचे, मध्ये रविवार, म्हणून गुरुवारी, ११ तारखेला सुरू करणे ही शेवटची मर्यादा निघाली. २४ तारीख धरून चाललो असतो तर आरामात पुढच्या आठवड्यात सुरुवात केली असती आणि ६४० कार्टन उघड्यावर लेबलाची वाट पाहत राहिले असते.

सुचवलेला उपाय का चालला नाही, हेही सांगण्यासारखे आहे. कार्टनवरचा हा १८ अंकी क्रमांक जीएस१ या संस्थेच्या नियमांनी बनतो: पहिला विस्तार अंक, मग कंपनीला मिळालेला क्रमांक, मग आपला अनुक्रमांक, आणि शेवटी आधीच्या सतरा अंकांवरून काढलेला पडताळा अंक. एकदा माल गेला की तो क्रमांक किमान एक वर्ष पुन्हा वापरायचा नसतो. एक्सेलची फाइल दोन संगणकांवर उघडली की तोच अनुक्रमांक दोन कार्टनवर छापला जाऊ शकतो, म्हणून क्रमांक एकाच ठिकाणाहून द्यायला हवा होता. छाननी करणाऱ्याने हे सगळे सोडवायचे नसते, मात्र एक प्रश्न त्याच दिवशी विचारायचा असतो: आपल्याकडे जीएस१ इंडियाचा कंपनी क्रमांक आहे का? तो नसता तर नोंदणीचा वेळ आमच्या चार दिवसांच्या बाहेरचा होता. सुदैवाने किरकोळ विक्रीच्या टॉवेलवरील बारकोडसाठी तो घेतलेला होता.

राहिली अकाउंट्सची मागणी. सहाव्या प्रश्नाचे उत्तर होते: ‘बँकेला स्टेटमेंट देता येणार नाही.’ विचारल्यावर कळले की शुक्रवारी बँकेकडे जाणाऱ्या मासिक माल व येणे विवरणपत्रासाठी ९० दिवसांपेक्षा जुनी येणी वेगळी दाखवायची होती, कारण कॅश क्रेडिटची उचल मर्यादा ठरवताना बँका जुनी येणी सहसा धरत नाहीत. ती विभागणी आधीच्याच एका रिपोर्टमध्ये होती, फक्त त्या टेबलावर नव्याने आलेल्या व्यक्तीला ती माहीत नव्हती. दहा मिनिटांत ती दाखवून दिली आणि रिपोर्टची मांडणी बदलण्याची इच्छा ‘सुधारणा’मध्ये नोंदवली. तीन मागण्यांपैकी सर्वांत तातडीची म्हणून आलेली मागणी एक ओळ कोड न लिहिता मिटली.

अर्ध्या तासाची छोटी कामेही रांगेत का?

नोंद सर्वांची होते, रांग सर्वांना नाही. आठवड्याला छाननीवर असलेला माणूस दुपारी अशी कामे करतो आणि इतर पाच जणांना त्यांची झळ लागू देत नाही. अट एकच: दुपार संपली की छोटे कामही थांबते. ‘अर्धा तास’ हा अंदाज दुसऱ्यांदा चुकला तर ते काम छोटे नाही असे समजून ते रांगेत जाते.

मालकांचा थेट फोन आला तर?

मालकांना कोणतेही काम वर घेण्याचा अधिकार आहे आणि कोणताही नियम त्याच्या आड येत नाही. आमचा नियम आमच्यासाठी आहे: काम वर घेताना कोणते काम खाली जाते ते त्याच फोनवर सांगायचे आणि नोंदवायचे. ‘हो साहेब, आज घेतो, त्यामुळे निर्यातीचे लेबल गुरुवारऐवजी शुक्रवारी सुरू होईल आणि पॅकिंगला एक दिवस उशीर होऊ शकतो, चालेल ना?’ एवढे वाक्य पुरते. निम्म्या वेळा उत्तर येते, ‘मग राहू दे, लेबल आधी करा.’ उरलेल्या वेळा काम वर जाते आणि ते योग्यच असते, कारण मालकांना असे काहीतरी माहीत असते जे आम्हाला नसते. तोंडी ‘हो’ म्हणून मनातल्या मनात दुसऱ्या विभागाचे काम मागे टाकणे हा खरा दोष आहे, आणि तो दोष टीमचा असतो.

आमचे काम किती दिवसांत होईल, याचे उत्तर का मिळत नाही?

‘सुधारणा’च्या रांगेसाठी सरासरीचे उत्तर देता येते आणि आम्ही ते भिंतीवर लावतो. रांगेत ३६ मागण्या असतील आणि आठवड्याला सरासरी ६ पूर्ण होत असतील, तर आज आलेल्या मागणीला सरासरी ६ आठवडे लागतील. हा साधा भागाकार लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये दिली. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो दीर्घ काळाच्या सरासरीचा नियम आहे, आणि मागण्या येण्याचा वेग पूर्ण होण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर रांग वाढतच जाते व आजचा आकडा उद्या खोटा ठरतो. एखाद्या विशिष्ट मागणीविषयी तर तो काहीच सांगत नाही. तरीही विभागप्रमुखांशी बोलताना त्याचा मोठा उपयोग होतो: वेळ कमी हवा असेल तर रांग लहान करावी लागेल किंवा वेग वाढवावा लागेल, आणि वेग वाढवण्यापेक्षा रांगेतून नको असलेले काढणे स्वस्त पडते.

मागणी नाकारायची कशी?

कारण लिहून, आणि नाकारल्यावर काय करता येईल ते सांगून. ‘सध्या शक्य नाही’ हे नाकारणे नव्हे. त्याने माणूस दर आठवड्याला विचारत राहतो. ‘ही मागणी वर्षातून एकदा, एका माणसाचे दोन तास वाचवते आणि बनवायला आठ दिवस लागतील, म्हणून घेत नाही, तो तक्ता हाताने करण्यासाठी लागणारी माहिती दरवर्षी आम्ही काढून देऊ’ हे नाकारणे आहे. निर्णय मान्य नसेल तर विभागप्रमुख महिन्याच्या बैठकीत तो मांडू शकतात, आणि तसे झाल्याने आमचे दोन नकार बदललेले आहेत.

गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत का वापरत नाही?

परिणामाला पाच गुण, तातडीला पाच, श्रमाने भागायचे, अशी पद्धत आम्ही करून पाहिली. त्यातून ३.४ आणि ३.२ असे आकडे निघतात आणि त्या दोन दशांशांवर माणसे भांडतात, जेव्हा मूळचे ‘पाच’ हेच अंदाजाने दिलेले असतात. चार प्रकारांत बसवल्यावर फक्त ‘सुधारणा’मध्येच क्रमाचा वाद उरतो, आणि तेथे महिन्याच्या बैठकीत विभागप्रमुखांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या पाच मागण्या मिळून निवडायच्या. निवड करताना ते एकमेकांसमोर बसलेले असतात, हाच त्या बैठकीचा फायदा आहे.

सुपरवायझर फॉर्म भरायला कंटाळतात. काय करावे?

आधी भाषेचा विचार करावा. सोलापुरात मागावर उभा असलेला माणूस घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असेल आणि त्याला मराठी उत्तम समजत असली तरी लिहायला आवडत नसेल. आमचा फॉर्म मराठीत आहे, पण ‘बोलून भरणे’ मान्य आहे: अकराच्या आधी कोणीही आमच्या खोलीत येऊन सात प्रश्नांची उत्तरे तोंडी द्यावीत, टाइप आम्ही करतो आणि वाचून दाखवतो. फोनवर आलेल्या मागणीलाही हेच लागू आहे. ‘आधी फॉर्म भरा, मग बोला’ असे सांगणारी टीम फॉर्म वाचवते आणि माहिती गमावते.

जुन्या, पडून राहिलेल्या मागण्यांचे काय?

‘सुधारणा’मध्ये नव्वद दिवस पडून राहिलेली मागणी आम्ही मागणी करणाऱ्याला कळवून बंद करतो. अजून हवी असेल तर एका ओळीत सांगितले की ती पुन्हा उघडते. बहुतेक जण सांगत नाहीत.

यासाठी कोणते सॉफ्टवेअर लागते?

सुरुवातीला साधा ऑनलाइन फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट पुरते. आम्ही पहिले आठ महिने तेवढ्यावर काढले. तिकिटांची मोठी यंत्रणा आधी घेतली तर तिच्यातले तयार रकाने जसेच्या तसे राहतात आणि त्यांत ‘प्राधान्य’ हा पहिला असतो.

नियम चुकत आहेत हे कसे कळेल?

‘थांबलेले काम’ या प्रकारात आठवड्याला एखादी मागणी यावी. रोज दोन येऊ लागल्या तर एकतर व्याख्या सैल झाली आहे किंवा यंत्रणेतच काहीतरी मोडले आहे, आणि हे दोन्ही वेगळे करण्यासाठी त्या मागण्यांची चौथ्या प्रश्नाची उत्तरे पुन्हा वाचावीत. प्रश्न विचारून परत पाठवलेल्या मागण्या वाढल्या तर दोष फॉर्मच्या शब्दांत असतो. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागत असेल तर तो फॉर्ममध्ये टाकावा, आणि त्या बदल्यात एक काढावा. एखाद्या विभागाकडून दोन महिने काहीच आले नाही तर समाधान मानू नये. तो विभाग फॉर्म सोडून आमच्यातल्या कोणाच्या तरी फोनवर गेलेला असतो, किंवा डाईंग मास्तरांसारखा वही घेऊन बसलेला असतो. अशा विभागात छाननीवरचा माणूस महिन्यातून एकदा स्वतः जातो आणि टेबलावर कोणकोणत्या वह्या आहेत ते पाहून येतो.